शब्दघटकांवरून अर्थाचा अंदाज (इंग्रजी)

अनोळखी इंग्रजी शब्दाचे उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय असे तुकडे पाडून, शब्दकोश हाताशी नसताना त्याचा अर्थ ताडण्याची ही रीत आहे. लॅटिन आणि ग्रीकमधून आलेल्या लांब, पुस्तकी शब्दांना ती चांगली लागू पडते.

सुरुवात शेपटाकडून करणे सोयीचे असते. समजा, वाक्य असे आहे की दहा मिनिटांच्या ‘सर्कमलोक्यूशन’नंतर पाहुण्याने उसने पैसे मागितले. शेवटच्या ‘-शन’वरून हे क्रियेचे नाव असावे, एवढे कळते. ‘सर्कम’ भूमितीतल्या ‘सर्कम्फरन्स’मध्ये, म्हणजे परिघात भेटलेले असते, अर्थ ‘भोवती’. उरलेले ‘लोक्यू’ शाळेच्या ‘एलोक्यूशन’ स्पर्धेत, म्हणजे वक्तृत्वात, आहेच, अर्थ ‘बोलणे’. जोडून ‘भोवती बोलणे’ मिळते. हा अजून अर्थ नव्हे, नुसता सांगाडा आहे. भोवती जमलेल्यांशी बोलणे, की विषयाच्या भोवती फिरत बोलणे? पैसे शेवटी मागितले, यावरून दुसरे ठरते: आडवळणाने बोलणे. सांगाड्यातून दोन अर्थ निघत असतील, तर निवाडा वाक्याकडे सोपवावा.

मराठी वाचकाला इथे घरचे भांडवल पुष्कळ आहे. ‘पेरिमीटर’ आणि ‘परिमिती’ यांची बांधणी एकच, कारण ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ सख्खे भाऊ आहेत. उपसर्गाचे रूप बदलते, तेही आपल्याला नवे नाही. ‘सत्’ पुढे ‘जन’ आला की ‘सज्जन’ होतो, तसाच नकारार्थी ‘इन्’ हा ‘लीगल’पुढे ‘इल्’ होतो आणि ‘पॉसिबल’पुढे ‘इम्’.

पण हाच ‘इन्’ सर्वांत जास्त फसवतो. टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. इथला ‘इन्’ नकाराचा नाही. तो ‘आत, मध्ये’ या अर्थाचा असून ‘पेटवणे’ या लॅटिन क्रियापदातून आला आहे. शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारा. नकार समजणारा माणूस नेमका उलट अर्थ घेऊन सिगारेट पेटवील, म्हणून धोक्याच्या सूचनांमध्ये ‘फ्लेमेबल’ हे रूप पसंत केले जाऊ लागले.

दुसरा सापळा सारख्या दिसणाऱ्या मुळांचा. ‘पेडेस्ट्रियन’मधले ‘पेड’ लॅटिन असून आपल्या ‘पद’चे नातलग आहे. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मधले ग्रीक, अर्थ ‘मूल’. दोन्ही एकच धरली, तर बालरोगतज्ज्ञ पायांचा डॉक्टर होऊन बसतो.

तुकडा चुकीचा पडला, हे बहुधा उरलेल्या भागावरून कळते. ‘अंकल’मधून ‘अन्’ काढला तर मागे राहते ते कशाचेच मूळ नाही. ‘अंडरस्टँड’सारखे जुने, अस्सल इंग्रजी शब्द मात्र स्वच्छ तुटतात आणि तरी काहीच सांगत नाहीत: ‘खाली’ आणि ‘उभे राहणे’ यांतून ‘समजणे’ निघत नाही.