दोन चमचे मिठाने अंडं का तरंगत नाही?

माझी भाची सहावीत आहे. "मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं" हे तिने कुठेतरी वाचलं, अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून ढवळलं आणि अंडं सोडलं. ते सरळ तळाशी गेलं. "अंडं जड आहे म्हणून बुडलं," असा निष्कर्ष तिने काढला. जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं हा समज इतका पक्का बसलेला असतो की प्रयोग फसला तरी तो हलत नाही. पण लाकडाचा ओंडका तरंगतो आणि टाचणी बुडते. मग नुसत्या वजनावर हे ठरत नाही, हे उघड आहे.

मला या विषयातला सगळ्यात आवडणारा विचार असा. अंडं पाण्यात सोडण्याआधी त्या जागी काय होतं? पाणीच. त्या पाण्यात मनाने अंड्याच्या आकाराची एक रेघ काढा. रेघेच्या आतलं हे 'पाण्याचं अंडं' खाली जात नाही की वर येत नाही. त्याला वजन तर आहे, मग ते पडत का नाही? कारण भोवतालचं पाणी त्याला उचलून धरतं. पाण्यात जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, त्यामुळे खालून वर रेटणारा जोर वरून खाली दाबणाऱ्या जोरापेक्षा थोडा जास्त असतो. हा जास्तीचा जोर पाण्याच्या अंड्याच्या वजनाइतकाच असला पाहिजे, नाहीतर ते हललं असतं. आता त्याच जागी खरं अंडं ठेवा. भोवतालच्या पाण्याला आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, ते पूर्वीइतक्याच जोराने वर रेटत राहतं. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच.

आता हिशोब करू. समजा अंडं 55 ग्रॅमचं आहे आणि ते 51 मिलिलिटर जागा व्यापतं. तेवढ्या साध्या पाण्याचं वजन 51 ग्रॅम. पाणी 51 ग्रॅमचाच भार पेलतं, 4 ग्रॅम उरतात आणि अंडं बुडतं. तरंगवायचं तर 51 मिलिलिटर पाण्याचंच वजन 55 ग्रॅमच्या वर न्यायला हवं. मीठ नेमकं हेच करतं. अर्धा लिटर पाण्यात 66 ग्रॅम मीठ विरघळलं की वजन 566 ग्रॅम होतं, पण पाणी वाढतं जेमतेम 23 मिलिलिटर. मिठाचे कण पाण्याच्या रेणूंमध्ये सामावून जातात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं. यालाच घनता वाढली असं म्हणतात.

66 ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे अकरा सपाट चमचे. भाचीचे दोन कुठे पुरणार! समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ताजं अंडं समुद्रातही बुडतं. तुमचं अंडं अकरा चमच्यांना वर आलं नाही तर आणखी एकदोन घाला, कारण प्रत्येक अंड्याची घनता थोडी वेगळी असते.

एक सावधगिरी मात्र हवी. अंडं आधी साध्या पाण्यात सोडून पाहा. जुन्या अंड्यातलं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून उडून गेलेलं असतं आणि बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी झालेली असते. असं अंडं मिठाशिवायही तरंगू शकतं. आणि अंडं मध्येच अधांतरी थांबलं तर मीठ नीट ढवळलेलं नाही असं समजा. खाली खारट, वर कमी खारट असे थर झालेले असतात आणि अंडं त्यांच्यामध्ये अडकतं.

'तरंगणारा दगड' चमत्कार म्हणून दाखवतात, तेव्हाही हाच हिशोब मागावा. ज्वालामुखीतून निघणारा प्यूमिस हा दगड हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. वजन भागिले आकारमान केलं की चमत्कार संपतो.

आता मीठ न घालता तेच अंडं तरंगवू. 60 ग्रॅमची स्टीलची वाटी घ्या. वाटीचा पत्रा पाण्यापेक्षा जवळपास आठपट घन आहे, पण वाटी आतल्या हवेसकट जागा अडवते. काठापर्यंत बुडेतो ती 160 मिलिलिटर पाणी बाजूला सारू शकते असं धरा. अंडं तिच्या मधोमध ठेवलं की एकूण वजन 115 ग्रॅम होतं. वाटी 115 मिलिलिटर पाणी बाजूला सारेपर्यंत खाली जाते आणि थांबते. अजून 45 ग्रॅमची सोय शिल्लक आहे, म्हणजे 5 मिलिलिटरच्या चमच्याने नऊ चमचे पाणी. एकेक चमचा हळूच वाटीत ओतत मोजा. नवाच्या बऱ्याच आधी बुडाली, तर अंडं बाजूला घरंगळलं होतं का आणि कलत्या काठावरून पाणी आत शिरलं का, ते पाहा.