काका वेगळे, मामा वेगळा

माझी भाची नऊ वर्षांची आहे आणि तिचा जन्म न्यू जर्सीतला. गेल्या सुट्टीत आमच्याकडे आली तेव्हा शाळेच्या वहीत नातेवाइकांचा तक्ता काढत बसली होती. तिच्या शाळेच्या भाषेत 'अंकल', 'आंट' आणि 'कझिन' या तीन शब्दांत सगळे मावतात. मराठीत लिहायला घेतलं आणि पान पुरेना. शेवटी पेन्सिल चावत मला म्हणाली, "मामा, तू आईचा भाऊ आणि काका बाबांचा भाऊ. दोघं भाऊच ना? मग काकाला मामा का नाही म्हणायचं?"

तिला मी आधी एक घर काढायला सांगितलं. जुन्या काळी त्या घरातले मुलगे लग्नानंतरही तिथेच राहायचे आणि मुली लग्न होऊन दुसऱ्या घरी जायच्या. म्हणजे त्या घरातल्या लेकराच्या आसपास आई-बाबांच्या बरोबरीने काका-काकू असायचे, तर आत्या लग्न होऊन गेलेली आणि मामा-मावशी दुसऱ्याच गावात. काका हा जवळजवळ धाकटा बापच. काकाला 'चुलता' म्हणतात, तो शब्द चुलीवरून आला असेल असं मला कित्येक वर्षं वाटायचं, एका चुलीवर जेवणारा म्हणून. ते अर्थाला शोभतं, पण अभ्यासक त्याचं मूळ संस्कृत 'क्षुल्लतात' म्हणजे 'लहान बाप' असं देतात. मावशीचंही तसंच. 'मातृष्वसा', म्हणजे आईची बहीण, हा शब्द झिजत झिजत मावशी झाला. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण त्यातूनच सुचलेली असावी.

पण एका घरात राहणं म्हणजे एका जमिनीत वाटेकरी असणंही आलं. बाबा आणि काका एकाच शेताचे हिस्सेदार, त्यामुळे काका आणि पुतण्या हे एकमेकांचे आधारही असत आणि प्रतिस्पर्धीही. या नात्यातल्या भांडणाला मराठीत खास शब्द आहे, भाऊबंदकी. आईकडच्या नातेवाइकांशी होणाऱ्या भांडणासाठी असा शब्द मला तरी ठाऊक नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. 'काका, मला वाचवा' ही त्यांची हाक इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. ते काका म्हणजे रघुनाथराव, नारायणरावांच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आणि भांडण होतं पेशवेपदाचं. हाक मामाला असती तर ती गोष्टच उभी राहिली नसती, कारण मामाला पेशवेपदावर हक्क सांगताच आला नसता.

मामाचं नातं त्यामुळे वेगळ्या सुरात लागतं. भाच्याच्या जमिनीत त्याचा वाटा नसतो, त्यामुळे त्याला देणं सोपं जातं. बाळाचं जावळ काढताना ते मामाच्या मांडीवर बसतं. लग्नात मुलीला मांडवात घेऊन येतो तो मामा. (कंस आणि शकुनी हेही मामाच होते, हे भाचीनेच मला ऐकवलं. कार्टूनमधून तिला सगळं माहीत असतं.) गंमत म्हणजे आजी-आजोबांना आपण दोन्हीकडे एकच शब्द वापरतो. हिंदीसारखे दादा-दादी, नाना-नानी असे वेगळे जोड सर्रास नाहीत. पण आईच्या माहेराला मात्र स्वतंत्र शब्द आहे, आजोळ. माणसांत फरक नाही आणि घरांत आहे, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं.

मग तक्त्यातली खरी अडचण आली. माझ्या मुलाच्या नावापुढे तिने 'मामेभाऊ' लिहिलं, ते बरोबर. स्वतःच्या नावापुढे त्याच्या बाजूने 'मामेबहीण' लिहिलं, ते चुकलं. मी तिचा मामा, पण तिची आई माझ्या मुलाची आत्या. म्हणून ती त्याची आतेबहीण. चुलत आणि मावस ही नाती आरशासारखी आहेत, माझा चुलतभाऊ मला चुलतभाऊच म्हणतो. मामे आणि आते मात्र बाजू बदलली की उलटतात, कारण इथे दुवा भाऊ आणि बहीण असा आहे, भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण असा नाही.

हा फरक लग्नाच्या वेळी महत्त्वाचा ठरायचा. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यांसारखी मानतात, त्यांचं लग्न होत नाही. पण मुलाने मामाच्या मुलीशी लग्न करणं त्यांना चालतं. उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी ते चालत नाही, दक्षिणेत मात्र ते रूढ आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात दाक्षिणात्यांच्या ज्या चालींची नोंद आहे, त्यांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं आहे. सुभद्रा ही कुंतीच्या भावाची, वसुदेवाची मुलगी, म्हणजे अर्जुनाची मामेबहीण आणि नंतर बायको. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या मध्ये पडतो असं त्यांनी दाखवलं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने इतक्या जवळच्या नात्यातलं लग्न निषिद्ध ठरवलं, पण जिथे रूढी असेल तिथे सूट ठेवली.

आमच्या आजीच्या बोलण्यात याची खूण सापडायची. ती सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणायची, आणि तिचं लग्न काही नात्यात झालेलं नव्हतं. मामेबहीण-आतेभाऊ लग्नात मुलीची सासू खरोखरच तिची आत्या असते आणि मुलाचा सासरा त्याचा मामा. लग्न परक्या घरी झालं तरी संबोधनं तीच राहिली. शेजारच्या कन्नडमध्येही 'अत्ते' म्हणजे आत्या आणि सासू दोन्ही, 'माव' म्हणजे मामा आणि सासरा दोन्ही.

हे सगळं भाचीला कितपत पटलं माहीत नाही. तिने तिकडच्या अनुभवाची एक चांगली शंका काढली. न्यू जर्सीत बाबांचे मित्र सगळे काका आणि आईच्या मैत्रिणी सगळ्या मावशी. इथे आल्यावर कामाला येणाऱ्या बाईही मावशी, रिक्षावालेही काका, आणि पुण्यातले ट्रॅफिक पोलीस मामा. "मग कोणी परकी बाई आत्या का नसते?"

मला खरंच उत्तर आलं नाही. आत्या हा शब्द परक्यांसाठी फारसा वापरला गेलेला मी ऐकलेला नाही. तिला एकच आत्या आहे, नाशिकला. भाचीच्या बारशाला तिला व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. पाळण्याशी फोन धरला होता आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा तिचा मान तिने स्पीकरवरून पार पाडला, 'कुर्रर्र'सकट. हे ऐकल्यावर भाचीने तक्त्यात आत्याच्या नावासमोर फोनचं चित्र काढलं.