गंगाजळी: विकून घटलेली आणि मोजून घटलेली

दर शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँक परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा जाहीर करते. हा आकडा आधीच्या शुक्रवारपर्यंतचा असतो. शनिवारी सकाळी नागपूरच्या पेपरात ‘गंगाजळी पाच अब्ज डॉलरने घटली’ अशी बातमी आली की आरबीआय चौकातल्या टपरीवर निष्कर्ष ठरलेला असतो: रुपया सावरायला बँकेने डॉलर विकले. कधी तो बरोबर निघतो. पण कधी कधी बँकेने त्या आठवड्यात एक डॉलरही विकलेला नसतो आणि आकडा तरीही खाली आलेला असतो.

कळमन्यात मिरचीचा धंदा करणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये त्याची पाचशे पोती आहेत. शंभर विकली तर साठा घटतो आणि गल्ल्यात पैसे येतात. भाव पडला तर पोती पाचशेच राहतात, गल्लाही तसाच राहतो, फक्त वहीतली किंमत उतरते. गंगाजळीच्या बातमीत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच ‘घट’ या शब्दात येतात.

गंगाजळीत चार गोष्टी असतात: परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदस्य देशांना वाटलेली एसडीआर ही राखीव मालमत्ता आणि त्याच नाणेनिधीकडची राखीव ठेव. त्यातला सर्वांत मोठा भाग परकीय चलनातल्या मालमत्तेचा. नाव परकीय चलन असलं तरी तिथे सगळं काही डॉलरमध्ये नसतं. युरो, पौंड, येन यांतले रोखे आणि ठेवीही असतात. आकडा मात्र डॉलरमध्येच छापायचा, म्हणून दर आठवड्याला युरोचे डॉलर करून बेरीज मांडावी लागते. हिशेब हलतो तो या रूपांतरात.

एक काल्पनिक गंगाजळी घेऊ: 300 अब्ज डॉलर आणि 100 अब्ज युरो. 31 मार्च 2022 ला एक युरो साधारण 1.11 डॉलरचा होता. म्हणजे एकूण 411 अब्ज डॉलर. 30 सप्टेंबर 2022 ला तोच युरो साधारण 0.975 डॉलरवर आला. युरो अजूनही शंभर अब्जच आहेत, पण त्यांची किंमत 97.5 अब्ज डॉलर झाली आणि बेरीज 397.5 वर आली. साडेतेरा अब्ज डॉलर ‘घटले’, आणि व्यवहार शून्य.

आता याच गंगाजळीतून, युरोचा दर न हलता, बँकेने रुपया सावरायला साडेतेरा अब्ज डॉलर विकले असं समजा. उरले 286.5 अब्ज डॉलर, युरोचे 111 अब्ज, बेरीज पुन्हा 397.5. आकडा तोच आला, पण मागचा प्रकार अगदी निराळा आहे. डॉलर विकले म्हणजे समोरच्या बँकांनी रुपये मोजले. 80 रुपयांच्या दराने हे 1 लाख 8 हजार कोटी रुपये होतात. इतका पैसा बँकांकडून रिझर्व्ह बँकेकडे गेला, की बँकांच्या हातातली रोकड तेवढ्याने कमी होते आणि एकमेकींकडून रात्रीपुरतं घ्यायच्या उसनवारीचा दर वर सरकू शकतो. युरो पडला तेव्हा यातलं काहीच होत नाही.

दुसरा फरक परतीच्या वाटेचा. मार्च 2023 अखेर युरो 1.0875 डॉलरच्या आसपास आला. पहिल्या उदाहरणातली गंगाजळी काहीही न करता 408.75 वर चढते. दुसरीतही युरोचा भाग त्याच दराने मोजायचा, पण विकलेले डॉलर परत येत नाहीत. ते बाजारातून रुपये देऊनच घ्यावे लागतात.

इथे एक गफलत बहुतेक जण करतात. ‘डॉलर वधारला’ याचा अर्थ आपल्या डोक्यात रुपयाच्या तुलनेत असा असतो. गंगाजळीच्या डॉलरमधल्या आकड्याला रुपयाचा भाव शिवतही नाही, त्याला हलवतो तो युरो, पौंड, येन यांच्यासमोरचा डॉलर. रुपयातला हिशेब वेगळाच चालतो. मार्च 2022 अखेर गंगाजळी 607.3 अब्ज डॉलर होती, मार्च 2023 अखेर 578.4 अब्ज. त्या दोन तारखांना डॉलर अनुक्रमे 75.81 आणि 82.22 रुपयांच्या आसपास होता. गुणाकार केला तर रुपयात ती सुमारे 46 लाख कोटींवरून साडेसत्तेचाळीस लाख कोटींवर गेली. एकाच वर्षात, एकाच गंगाजळीला एका रकान्यात घट आणि दुसऱ्यात वाढ. रुपया पडल्याने रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात दिसणारा हा कागदी फायदा नफ्यात धरत नाहीत, चलन व सोने पुनर्मूल्यांकन खात्यात ठेवतात. तो हाती पडलेला पैसा नसतो, त्यामुळे हे योग्यच आहे.

त्या वर्षीची फोड जाहीर झालेली आहे. 28.9 अब्ज डॉलरच्या एकूण घटीपैकी 19.7 अब्ज नुसत्या मूल्यांकनातले होते, आणि व्यवहारांतून खरोखर गेलेले सुमारे 9 अब्ज. त्याआधी 30 सप्टेंबर 2022 ला गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी, आर्थिक वर्षात तोवर झालेल्या घटीपैकी सुमारे 67 टक्के घट वधारलेल्या डॉलरमुळे आणि अमेरिकी रोख्यांच्या चढ्या परताव्यामुळे आहे, असं सांगितलं होतं.

त्या वाक्यातला परताव्याचा भाग लोक वगळतात. रोख्याचा परतावा वर गेला की बाजारातली त्याची किंमत उतरते. दोन वर्षांनी पिकणाऱ्या रोख्यावर एक टक्का परतावा वाढला तर किंमत ढोबळ मानाने दोन टक्के पडते. शंभर अब्जांचे असे रोखे असतील तर दोन अब्ज वजा. रोखा मुदतीपर्यंत ठेवला तर मात्र पूर्ण दर्शनी रक्कम मिळते, म्हणजे हा तोटा आपोआप विरतो.

सोन्याचं बोलायचं तर देशात ठेवलेलं सोनं मुंबई आणि आपल्या नागपूरच्या तिजोऱ्यांत आहे. मार्च 2025 अखेर देशाबाहेरचं धरून एकूण 879.59 टन. टनात सुमारे 32,151 औंस, म्हणजे औंसामागे शंभर डॉलर भाव चढला की गंगाजळी साधारण 2.8 अब्ज डॉलरने फुगते. तिजोरीचं दारही उघडावं लागत नाही.

आठवड्याची घट कुठल्या जातीची, हे ओळखायला आधी त्या आठवड्यातला युरोचा भाव बघा. युरो दोन टक्के पडला असेल आणि परकीय चलनातली मालमत्ता अर्ध्या टक्क्याने उतरली असेल, तर संशय मूल्यांकनावर. युरो जागचा हलला नाही, अमेरिकी परतावाही शांत, आणि तरी पाच अब्ज गेले, तर विक्री झाली असं धरायला हरकत नाही. पक्का पुरावा उशिरा मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये डॉलर खरेदी-विक्रीचा तक्ता असतो, पण तो साधारण दोन महिने मागचा. देशात आलेल्या-गेलेल्या पैशाचा तिमाही हिशेब, म्हणजे व्यवहारशेष, यात मूल्यांकन आधीच वगळलेलं असतं, त्यामुळे तिथली घट म्हणजे खरोखर गेलेला पैसा.

दोन अडचणी तरीही उरतात. कोणत्या चलनात किती टक्के, ही फोड बँक सांगत नाही, त्यामुळे बाहेरून केलेला प्रत्येक हिशेब अंदाजाचाच. दुसरी अडचण वायद्याच्या व्यवहारांची. बँकेने डॉलर आज वायद्यात विकले तर ते आजच्या गंगाजळीतून जात नाहीत, देण्याची तारीख येईपर्यंत आकड्यात तसेच दिसतात. म्हणून मासिक तक्त्यात हजर व्यवहारांसोबत वायद्यातले अजून न मिटलेले व्यवहारही बघावे लागतात.