आयुर्वेदिक चूर्ण-गोळ्यांतील जड धातू

आयुर्वेदिक औषधांत शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम हे धातू दोन वाटांनी येतात. काही कल्पांत त्यांपैकी एखादा धातू हा ग्रंथात सांगितलेला घटकच असतो. उरलेल्यांत तो वनस्पतीबरोबर, मातीतून, पाण्यातून किंवा दळण्याच्या यंत्रातून नकळत शिरतो. दोन्ही प्रकारांत तपासणीत शिसेच सापडते, पण ते ओळखण्याची आणि टाळण्याची रीत वेगळी आहे. बहुतेक गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो. एका बाजूने ‘आयुर्वेदात शिसे असते’ असे सरसकट म्हटले जाते, दुसऱ्या बाजूने ‘झाडपाला आहे, त्याने काय होणार’ असे. डब्यावरचे घटक वाचले तर दोन्ही विधाने किती अपुरी आहेत ते कळते.

घटक म्हणून आलेला धातू

चरक-सुश्रुतांच्या चिकित्सेचा मुख्य आधार वनस्पती होत्या. पारा आणि धातू पोटात देण्याचे शास्त्र, म्हणजे रसशास्त्र, मध्ययुगात बहरले. त्यातील ‘रस’ म्हणजे पारा. म्हणूनच नावाच्या शेवटी ‘रस’, ‘पर्पटी’ किंवा ‘सिंदूर’ आले की घटक नीट पाहावेत. मात्र आवळ्याचा रस हा साधा रसच असतो, आणि गुळवेल, गोखरू, आवळा यांचे ‘रसायन चूर्ण’ हे संपूर्ण वनस्पतीजन्य असते. नुसत्या नावावर जाऊन चालत नाही.

घटकांच्या यादीत शोधायचे शब्द थोडेच आहेत. नाग म्हणजे शिसे. पारद, हिंगूळ, कज्जली, रससिंदूर, मकरध्वज यांत पारा असतो. हरताळ, मनःशिळा आणि सोमल म्हणजे आर्सेनिक. वंग (कथील), यशद (जस्त), लोह आणि मंडूर ही भस्मे या यादीत येत नाहीत, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सांधेदुखीसाठी दिले जातात आणि डब्याही सारख्याच दिसतात. योगराजात चित्रक, पिंपळमूळ, ओवा, त्रिफळा, गुग्गुळ अशा वनस्पती आहेत. महायोगराजात त्यांच्या जोडीला नाग भस्म आणि रससिंदुरासह अनेक भस्मे पडतात. ‘महा’ हा शब्द औषध अधिक गुणकारी असल्याचे सांगतो असे गिऱ्हाइकाला वाटते. तो खरे तर शिसे आणि पारा आल्याचे सांगत असतो.

भस्म करताना धातूचे ‘शोधन’ आणि ‘मारण’ होते. शिसे वितळवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा ओततात, मग वनस्पतींच्या रसात खलून पुटे देतात, म्हणजे बंद भांड्यात घालून पुन्हा पुन्हा भाजतात. तयार भस्माच्या परीक्षाही ठरलेल्या आहेत. ते पाण्यावर तरंगले पाहिजे (वारितर), बोटांच्या रेषांत भरले पाहिजे (रेखापूर्ण), आणि गूळ, गुंज, मध, तूप, टाकणखार यांच्याबरोबर तापवले तरी पुन्हा धातू होता कामा नये (अपुनर्भव). या परीक्षा खऱ्या आहेत, पण त्या काय सिद्ध करतात ते नीट समजून घ्यायला हवे. तरंगणे आणि रेषांत भरणे यांतून कण किती बारीक झाले ते कळते. अपुनर्भव ही परीक्षा धातूचे संयुग झाले आहे एवढे सांगते. शिशाचा अणू कोणत्याही पुटाने दुसऱ्या मूलद्रव्याचा होत नाही. हिंगुळातील पारा गंधकाशी घट्ट बांधलेला असल्याने आतड्यातून फार थोडा शोषला जातो, हे मान्य करायला हवे. शिशाच्या बऱ्याच संयुगांना तो आधार नाही. ती जठरातील आम्लात विरघळतात, आणि कण जितका बारीक तितकी लवकर.

एक उदाहरण: गर्भारपणातील गोळ्या

2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात जास्त शिसे आढळले. सहापैकी पाच जणींचा जन्म भारतातला. कोणीही शिशाच्या कारखान्यात काम करत नव्हते. चौकशीत भारतातून आलेल्या आयुर्वेदिक गोळ्या निघाल्या, आणि त्यांत गर्भपाल रसही होता. सहा जणींच्या रक्तातील शिसे दर डेसिलिटरला 16 ते 64 मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना 5 च्या पुढे शिशाचा उगम शोधायला सांगते. तपासलेल्या औषधांपैकी सर्वांत वाईट औषधात 2.4 टक्के शिसे होते.

गर्भपाल रस महाराष्ट्रातही गर्भ टिकावा म्हणून दिला जातो. त्याच्या पाठात, म्हणजे ग्रंथात दिलेल्या कृतीत, हिंगूळ आणि नाग भस्म दोन्ही आहेत. म्हणजे गोळीत शिसे निघाले तर ती भेसळ नसते, ती पाठानुसार बनवलेली गोळी असते. म्हणूनच कंपनी नामांकित आहे, गोळी शुद्ध आहे, असा दिलासा इथे उपयोगाचा नाही.

2.4 टक्क्यांचा हिशेब करून पाहू. गोळी 125 मिलिग्रॅमची धरली तर तीत 3 मिलिग्रॅम, म्हणजे 3,000 मायक्रोग्रॅम शिसे. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली की दिवसाला 6,000. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांसाठी आहारातून येणाऱ्या शिशाची संदर्भ पातळी दिवसाला 8.8 मायक्रोग्रॅम धरली आहे. दोन गोळ्यांतच तिच्या जवळजवळ 680 पट शिसे पोटात जाते. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. बाईच्या अंगात कॅल्शियम किंवा लोह कमी असेल तर ते आतड्यातून आणखी जास्त शोषले जाते, आणि आपल्याकडे गर्भारपणी लोह कमी असणे ही घरोघरची गोष्ट आहे. गर्भवतीने, गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रीने आणि लहान मुलाने नाग, पारद, हिंगूळ, हरताळ किंवा मनःशिळा असलेले कोणतेही औषध घेऊ नये. या बाबतीत ‘थोडे चालते’ असे म्हणायला जागा नाही.

नकळत आलेला धातू

बॉस्टन परिसरातील दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये जड धातू निघाले, असा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच गटाने पुढे इंटरनेटवरून 193 उत्पादने मागवली. 2008 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे पाचव्या हिश्श्यात धातू होते. रसशास्त्रीय औषधांत हे प्रमाण 40 टक्क्यांवर होते, पण निव्वळ वनस्पतींच्या औषधांतही ते 17 टक्के निघाले. धातू सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश उत्पादनांवर ‘उत्तम उत्पादन पद्धती’चा दावा छापलेला होता.

वनस्पतीत धातू येण्याच्या वाटा साध्या आहेत. मुळे मातीतले आणि सांडपाण्यातले धातू ओढतात, हमरस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसते, आणि ज्या खलात किंवा चक्कीत काल भस्माची गोळी झाली तीच नीट न धुता आज अश्वगंधा दळली तर धातू चूर्णात उतरतो. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत मिसळलेले लेड क्रोमेटही चूर्णातून पोटात जाऊ शकते.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात वनस्पतीजन्य औषधांसाठी मर्यादा ठरल्या आहेत: शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम. 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतीजन्य औषधांना ही तपासणी सक्तीची झाली. 10 पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला 10 मायक्रोग्रॅम. या मर्यादेत मात्रेचा हिशेब नाही, आणि ही तिची उणीव आहे. अर्ध्या ग्रॅमच्या गोळीत 10 पीपीएम शिसे असेल तर 5 मायक्रोग्रॅम पोटात जाते. त्याच दर्जाचे चूर्ण रोज 3 ग्रॅम घेतले तर 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या 8.8 च्या तिपटीहून जास्त. म्हणून रोज महिनोन्महिने घ्यायच्या चूर्णासाठी ‘मर्यादेत आहे’ हे उत्तर पुरत नाही. आकडा विचारावा. 1 पीपीएम असेल तर 3 ग्रॅमला 3 मायक्रोग्रॅम पडते.

निवड करताना

आधी लेबल वाचावे. भारतात विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख हवी. पारा, हिंगूळ, हरताळ अशा द्रव्यांच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. ती दिसली तर स्वतःच्या मनाने ते औषध घेऊ नये. जत्रेत किंवा ओळखीच्या माणसाकडून आलेली लेबल नसलेली पुडी पुरवठादार कितीही सज्जन असला तरी घेऊ नये, कारण तिच्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसते.

मग बॅचचा चाचणी अहवाल मागावा. त्यावर डब्यावरचाच बॅच क्रमांक असला पाहिजे. गेल्या वर्षीच्या दुसऱ्या बॅचचा अहवाल या डब्याबद्दल काहीच सांगत नाही. चारही धातूंचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असावेत, प्रयोगशाळा एनएबीएल-मान्यताप्राप्त असावी आणि आयसीपी-एमएस किंवा अणुशोषण या धातू मोजण्याच्या पद्धतीचा उल्लेख असावा. ‘जड धातू: पास’ एवढेच लिहिलेला अहवाल मी अपुरा समजतो. आकडे द्यायला टाळणारा विक्रेता सोडून देणे सोपे आहे, कारण त्रिफळा, सितोपलादीसारखी चूर्णे बनवणारे पुष्कळ आहेत. अख्खे हिरडे-बेहडे आणून घरी दळले तर यंत्रातून येणारा धातू टळतो, मुळातून आलेला टळत नाही.

आधीच औषध चालू असेल तर लक्षणांवर विसंबता येत नाही. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, सांधे दुखणे, पांढरेपणा ही शिशाची लक्षणे इतर दहा कारणांनी होतात, आणि सांधेदुखीसाठीच महायोगराज घेणारा माणूस दुखणे वाढले म्हणून मात्रा वाढवतो. नाग किंवा पारद असलेले औषध घेतले असेल तर डॉक्टरांना डबीच नेऊन दाखवावी आणि शिरेतून रक्त देऊन शिशाची पातळी मोजून घ्यावी. नेहमीच्या रक्ततपासणीत ती येत नाही, वेगळी लिहून घ्यावी लागते. धातू बाहेर काढणाऱ्या औषधांचा निर्णय पातळी पाहून डॉक्टर घेतात. आधी ते औषध देऊन मग लघवीत धातू मोजण्याच्या जाहिराती होतात, त्या आकड्यांवरून विषबाधा ठरवता येत नाही.

गोळी बंद केल्यावर रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते. हाडांत गेलेले मात्र वर्षानुवर्षे राहते आणि गर्भारपणी हाडांतून कॅल्शियम सुटताना त्याच्याबरोबर रक्तात येते. त्यामुळे पूर्वी असे औषध घेतलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याआधी आणि गर्भारपणातही पातळी तपासून घ्यावी. उरलेली डबी फेकून न देता बॅच क्रमांकासह राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्राकडे तक्रारीबरोबर द्यावी, म्हणजे त्याच बॅचचा माल दुकानांतून उचलता येतो.