ठिपक्यांच्या रांगोळीची चित्रफीत-संहिता

ठिपक्यांची रांगोळी टप्प्याटप्प्याने शिकवणाऱ्या चित्रफितीसाठी आधी लिहून ठेवलेला मजकूर. कॅमेरा काय दाखवणार आणि शिकवणारी काय बोलणार, हे त्यात शेजारी-शेजारी लिहिलेले असते. ‘सात ते चार, मधोमध’ ही घरोघरी काढली जाणारी मांडणी घेतली, की अशी संहिता कशी चालते ते नीट समजते.

कॅमेरा रांगोळीच्या बरोबर मध्यावर, जमिनीला समांतर टांगतात. तो जरा जरी कलला तरी लांबची ओळ आखूड दिसते आणि बघणारीला आपलेच ठिपके चुकल्यासारखे वाटतात. काढणारीचे डोके चौकटीत येऊ नये म्हणून तिने बाजूला बसावे. उजेड चिमटीच्या समोरून यावा, म्हणजे हाताची सावली पुढच्या ठिपक्यावर पडत नाही.

मोजणी मधल्या ओळीपासून सुरू होते आणि ठिपका पडतानाच आकडा उच्चारला जातो : “एक, दोन, तीन… सात.” दोन ठिपक्यांत 2 इंच अंतर धरतात. “आता वरची ओळ. पहिल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, एक… सहा.” मग पाच, मग चार. तसेच खाली सहा, पाच, चार. एकूण 37 ठिपके होतात आणि षटकोन तयार होतो. ओळींमधले अंतर मात्र पावणेदोन इंच, म्हणजे थोडे कमी ठेवावे लागते. तेही 2 इंच ठेवले तर षटकोन उभट होतो. हे वाक्य संहितेत हवेच, कारण बहुतेक जणी इथेच फसतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सहाची ओळ मधोमध न घेता सरळ ठिपक्यावर ठिपका ठेवून सुरू करणे. ती ओळखायची खूण सोपी आहे : पाचाच्या ओळीतला पहिला ठिपका मधल्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्याच्या सरळ वर यायला हवा. म्हणून “पाच” म्हणून झाल्यावर काढणारी थांबते आणि त्या दोन ठिपक्यांवरून बोट फिरवून दाखवते. रेषा ओढण्याआधीच चूक सापडते, आणि तेव्हा सहाची आणि पाचाची अशा दोनच ओळी पुसाव्या लागतात.

यानंतर मधल्या ठिपक्यापासून सहा दिशांना पाकळ्या. प्रत्येक पाकळी एक ठिपका पोटात घेऊन पुढच्या ठिपक्यावर मिटते. दोन्ही कडा मध्यातून बाहेरच ओढाव्यात. उलट, टोकाकडून आत आले तर मध्यावर पूड साचते.

चुकलेला ठिपका गेरूवर ओल्या फडक्याने पुसू नये, गेरूच उचलून येतो. जाड कार्डाच्या कोपऱ्याने पूड खरवडून घ्यावी आणि उरलेला पांढरा डाग कोरड्या कापसाने टिपावा. फरशीवर ओला कापूस चालतो, पण जागा वाळू द्यावी, नाहीतर नवी पूड तिथे गोळा होते. ही दुरुस्ती कापून न टाकता चित्रफितीत तशीच ठेवावी, आणि पुसल्यावर ती ओळ पुन्हा “एक” पासून मोठ्याने मोजावी.