पाकिटाचा फोटो आणि न विचारलेला प्रश्न

फोनवर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो येतो. सोबत एक शब्द नसतो. चंदेरी कागदावर फ्लॅश चमकलेला, मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव अर्धं कापलेलं, कोपऱ्यात ‘650’ दिसतंय आणि दहापैकी सहा खाचा रिकाम्या. पाठवणाऱ्याला वाटतं, फोटोत सगळं आलं. बघणारा आकडा ओळखतो, “ही तापाची साधी गोळी” असं म्हणतो आणि लिहून मोकळा होतो: “दिवसातून तीनदा घे.”

फोटोत औषध दिसतं, पण ते घेणारा माणूस दिसत नाही. त्या सहा गोळ्या कोणी, कधी घेतल्या, तेही दिसत नाही. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर सगळं यावरच ठरतं. योग्य मात्रेत हे औषध खरोखरच सुरक्षित आहे, आणि म्हणूनच त्याची मात्रा अंदाजाने सांगायला कोणी कचरत नाही.

पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते थोडं सविस्तर पाहू, कारण मला हा भाग फार विलक्षण वाटतो. रक्तातून ते यकृतात पोचतं. तिथे त्याच्या बहुतेक रेणूंना एकतर ग्लुकुरॉनिक आम्ल जोडलं जातं, नाहीतर सल्फेट. अशी जोड मिळालेला रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. इथवर कोणालाच इजा नाही. पण साधारण 5 ते 10 टक्के रेणू तिसऱ्याच वाटेला लागतात. यकृतातली काही विकरं, त्यांतही मुख्यतः सीवायपी2ई1 नावाचं, त्यांचं रूपांतर ‘नॅपक्वी’ या पदार्थात करतात. नॅपक्वी अत्यंत क्रियाशील असतो. समोर येईल त्या प्रथिनाला तो चिकटतो. आपण रोज सुखरूप राहतो ते ग्लुटाथायोनमुळे. पेशीतला हा छोटा रेणू स्वतः नॅपक्वीला चिकटतो आणि त्याला निरुपद्रवी करून टाकतो. प्रत्येक वेळी ग्लुटाथायोनचा एक रेणू खर्ची पडतो आणि यकृत नवा तयार करतं.

म्हणजे हा सारा जमाखर्चाचा मामला आहे. मात्रा वाढली की सल्फेटची वाट लवकर भरते, जास्त रेणू तिसऱ्या वाटेला जातात आणि ग्लुटाथायोन तयार होण्यापेक्षा वेगाने संपू लागतं. साठा नेहमीच्या सुमारे 30 टक्क्यांखाली गेला की नॅपक्वी पेशीतल्या प्रथिनांवर, विशेषतः मायटोकाँड्रियातल्या प्रथिनांवर बसतो आणि पेशी मरू लागतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये हे गणित उलगडलं. यकृताला इजा होते ती पॅरासिटामॉलमुळे नव्हे, यकृतानेच त्यापासून बनवलेल्या पदार्थामुळे, हे त्यातून कळलं.

ग्लुटाथायोन बनवायला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागतं, आणि ते येतं अन्नातून. चार दिवस तापाने फणफणलेल्या आणि अन्नावर वासना नसलेल्या माणसाचा साठा आधीच खाली आलेला असू शकतो. रोज दारू पिणाऱ्याचं सीवायपी2ई1 वाढलेलं असतं, म्हणजे नॅपक्वीही जास्त. (‘यकृत शुद्ध करणारी’ चूर्णं आणि पेयं गोळीबरोबर घेतली की धोका टळतो, असं मानणारे बरेच आहेत. तसं होत नाही. शुद्धीचं काम यकृत स्वतःच करत असतं. त्याला हवं असतं अन्न, आणि विषबाधा झालीच तर रुग्णालयातलं औषध.)

आता फोटोमागचा माणूस उभा करू. समजा, वजन 50 किलो, ताप आहे, तीन दिवस जेमतेम पेज पोटात गेली आहे. 650 मिलिग्रॅमची गोळी दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला 2600. सर्दीसाठी दुसरी गोळी तीनदा. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात पॅरासिटामॉल 500 लिहिलेलं आहे, पण ते कोणी वाचलेलं नाही. हे आणखी 1500. एकूण झालं 4100. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4000 धरतात, आणि अशक्त किंवा कमी वजनाच्या माणसासाठी डॉक्टर ती आणखी खाली आणतात. किलोमागे हिशेब केला तर 82 मिलिग्रॅम होतात. 24 तासांत किलोमागे 75 च्या वर गेलं की ब्रिटनमधले डॉक्टर रुग्णाची तपासणी करायला सांगतात. हा माणूस ती रेषा ओलांडून बसलाय, आणि फोटो पाठवतोय तो ताप उतरत नाही म्हणून. अशा वेळी “घे अजून एक” हे उत्तर किती महागात पडेल!

लहान मुलांच्या बाबतीत चूक आणखी सहज होते. “मोठ्यांची एक, तर मुलाला अर्धी” हा सर्रास लावला जाणारा हिशेब. 12 किलोच्या मुलाला एका वेळी किलोमागे 15 या दराने जास्तीत जास्त 180 मिलिग्रॅम चालतात. 650 ची अर्धी म्हणजे 325. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि तेही प्रत्येक वेळी.

म्हणून शब्दाविना फोटो आला की पहिला प्रश्न हा: “गोळी घ्यायची आहे, की घेऊन झाली आहे?” यावर पुढचं सगळं बदलतं. मग विचारा, कोणासाठी, वय किती, वजन किती. त्यानंतर, “काल सकाळपासून पोटात गेलेलं प्रत्येक औषध सांग, सर्दीचं आणि सिरपसुद्धा, आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव.” घटक आणि मिलिग्रॅम तिथेच छापलेले असतात. जेवण जातंय का, उलट्या होताहेत का, यकृताचा आजार, रोजची दारू, क्षयाची किंवा फिट्सची औषधं आहेत का, हेही विचारा. ही उत्तरं डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला कळवा. मात्रा त्यांनी सांगायची, आपण नाही.

गोळ्या घेऊन झाल्या आहेत आणि त्या जास्त झाल्याची शंका आहे, असं कळलं तर “बरं वाटतंय ना?” या प्रश्नावर विसंबू नका. पहिल्या 24 तासांत थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं आणि तपासणीत यकृताची विकरं वाढलेली दिसणं, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन देतात. त्यातून यकृताला सिस्टीन मिळतं आणि ग्लुटाथायोन पुन्हा बनू लागतं. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत ते सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्या असतील तर चार तासांनंतरच्या रक्तातलं प्रमाण आलेखावर ठेवून उतारा द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. थोड्या थोड्या करून घेतल्या असतील तर तो आलेख लागू पडत नाही, मग एकूण मात्रा, वजन आणि रक्तातली यकृताची विकरं पाहून निर्णय होतो. तेव्हा लगेच रुग्णालयात जायला सांगा. सगळी पाकिटं सोबत द्या, रिकामीसुद्धा, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, ते आठवतंय तोवर एका कागदावर लिहून द्या.