हा आकडा कुणाचा? सेमिनारमधल्या प्रश्नांची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूरकडे सीमाप्रश्नावर बोलताना एक वाक्य सहज येतं: ‘1951 च्या जनगणनेनुसार इथे मराठी बहुसंख्य.’ समोरची मुलं माना डोलावतात नाहीतर चिडतात. आकडा कुठून घेतला, हे क्वचितच कुणी विचारतं. असं विचारण्याची सवय सेमिनारमध्ये वर्गातल्या मुलांनी एकमेकांना लावायची, या कल्पनेमागे दोन वेगळे प्रवाह आहेत.

पहिला इतिहासकारांचा. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली, तेव्हा मागाहून लिहिलेल्या बखरींपेक्षा त्या काळातल्या अस्सल पत्रांवर त्यांनी भर दिला. कागद कुणी, कधी, कशासाठी लिहिला हे आधी पाहायचं. अमेरिकेत शिक्षण-संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये 8 इतिहासकार आणि 8 हायस्कूलचे विद्यार्थी यांच्यापुढे तीच कागदपत्रं ठेवली. इतिहासकार मजकुराआधी तो कुठून आला ते पाहत. विद्यार्थी बहुधा पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटत.

दुसरा प्रवाह शिक्षणशास्त्राचा. अ‍ॅलिसन किंग यांनी 1990 च्या सुमारास विद्यार्थ्यांना अर्धवट प्रश्नांची यादी दिली: ‘… आणि … यांत फरक काय?’, ‘… झालं तर काय होईल?’ प्रत्येकाने रिकाम्या जागा भरून स्वतःचे प्रश्न लिहायचे आणि छोट्या गटात एकमेकांना विचारायचे. नुसत्या चर्चेपेक्षा यात समज वाढलेली दिसली. मात्र हे प्रश्न विषय समजून घेण्याचे होते, पुराव्याचे नव्हते. तेवढी भर आपण घालायला हवी, आणि सीमाभागात तर ती फार गरजेची आहे.

वरचंच वाक्य घ्या. ‘हा आकडा आधी कुणी छापला?’ असं विचारलं की कळतं, तो एका बाजूच्या पत्रकातला आहे. मग जनगणनेचा खंड काढावा लागतो. ‘…मध्ये नेमका कुठला भाग धरला?’ हा दुसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. तेव्हाच्या बेळगाव शहरात मराठी बहुसंख्य होती, संपूर्ण जिल्ह्यात कन्नड. ‘इथे’ म्हणजे कुठे, यावर उत्तर उलटतं. राज्य पुनर्रचना आयोगाने साधारणपणे जिल्हा हे एकक मानलं, तरी मराठीबहुल चंदगड तालुका बेळगावपासून काढून मुंबई राज्याला द्यायची शिफारस केली, आणि 1956 मध्ये तो तसा गेला. महाराष्ट्राने पुढे गाव हे एकक धरण्याचा आग्रह धरला. ‘हे एकक कुणाच्या सोयीचं?’ हा तिसरा प्रश्न दोन्ही बाजूंच्या पत्रकांना सारखाच लागू आहे.

बिघडतं ते इथेच. पक्षपात दिसला की मुलं थांबतात, पण पक्षपाती पत्रकातला आकडाही खरा असू शकतो. तो मूळ खंडात पाहायलाच हवा. आणि कुणी सादर करणाऱ्याला ‘तू कुठल्या बाजूचा?’ असं विचारू लागला, तर प्रश्न पुराव्यावरून माणसावर घसरला आहे. अशा वेळी गटाने मूळचा पुराव्याचा प्रश्न कागदावर लिहून, विचारणाऱ्याचं नाव न घालता, पुन्हा पुढे ठेवावा.